हिंदी मुलाखत साफ करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या वागले इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांत आयुष्य काढलेल्या कामगारांच्या मुलाखती मी काही वर्षं संपादित करते आहे. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली आणि तिच्या पहिल्यावहिल्या वसाहतींत वागले इस्टेट होती. इथल्या लेथवर, प्रेसवर, मोल्डिंगवर काम केलेली बरीच माणसं जौनपूर, आझमगढ, प्रतापगढकडची. ती बोलतात हिंदीत, पुस्तक निघतं हिंदीत, आणि मधे बसलेली मी मात्र मराठी. माझ्याबरोबर टाइप करणारी मुलंमुलीही मराठीच. त्यांनी मला पुन्हापुन्हा जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे.

‘साफ करणं’ म्हणजे नक्की काय करायचं?

माणूस बोलताना दोन कामं एकाच वेळी करत असतो. सांगत असतो आणि शोधतही असतो. शब्द सापडत नाही, साल आठवत नाही, वाक्य सुरू होतं ते दुसऱ्याच दिशेला जातं. समोर बसलेल्याला याचा त्रास होत नाही, कारण त्याला चेहरा दिसतो, हात दिसतात. कागदावर तेच सगळं उतरलं की माणूस अडाणी वाटायला लागतो. तो तसा नसतो.

म्हणून शोधण्याच्या खुणा काढायच्या आणि सांगण्याच्या खुणा ठेवायच्या. ऐकायला सोपं आहे, पण अडचण अशी की दोन्ही खुणा दिसायला सारख्याच असतात. तोच ‘मतलब’ एका ठिकाणी नुसता श्वास घ्यायला आलेला असतो आणि पुढच्याच वाक्यात त्याच्यावर सगळा अर्थ टांगलेला असतो. फरक कागदावर कळत नाही, कानाला कळतो. त्यामुळे पहिला नियम: ऑडिओ लावल्याशिवाय एकही शब्द खोडायचा नाही.

दुसरा नियम फायलींचा. कच्ची प्रत, म्हणजे जसंच्या तसं उतरवलेलं आणि दर मिनिटाला वेळ टाकलेलं ट्रान्स्क्रिप्ट, पूर्ण झालं की बंद. त्यात परत हात घालायचा नाही. साफसफाई दुसऱ्या फायलीत. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की ‘हे ते खरंच बोलले होते का’, तर दाखवायला काहीतरी हवं.

एक उतारा करून दाखवाल का?

हा एका लेथ कामगाराचा. ते किसननगरमध्ये राहतात, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. कच्ची प्रत अशी होती:

> तो वो क्या है ना, हम जो है बयासी में, नहीं बयासी नहीं, तिरासी, तिरासी में हम इधर आए थाना। तो बड़े भाई थे इधर वागले इस्टेट में तो वो बोले कि, बोले कि आ जाओ मैं रखवा दूँगा। तो हम आए। तो सेठ जो था ना, सेठ मतलब बहुत कड़क आदमी, मतलब आदमी अच्छा था लेकिन कड़क। तो पहले छह महीना हमको मशीन छूने नहीं दिया। खाली झाड़ू, छिलन उठाना, चाय-वाय लाना। हम बोले भाई से कि हम झाड़ू मारने थोड़ी आए हैं बंबई। तो भाई बोले देख, देखते-देखते सीखेगा। तो हम देखते देखते देखते, मतलब आँख से सीखे हम लेथ। हाथ तो बाद में लगा।

पक्की प्रत अशी झाली:

> हम तिरासी में इधर आए, थाना [ठाणे]। बड़े भाई इधर थे, वागले इस्टेट में। वो बोले कि आ जाओ, मैं रखवा दूँगा। तो हम आए। सेठ जो था ना, बहुत कड़क आदमी। मतलब आदमी अच्छा था, लेकिन कड़क। पहले छह महीना हमको मशीन छूने नहीं दिया। खाली झाड़ू, छिलन उठाना, चाय-वाय लाना। हम भाई से बोले कि हम झाड़ू मारने थोड़ी आए हैं बंबई। भाई बोले, “देख। देखते-देखते सीखेगा।” तो हम देखते, देखते, देखते... आँख से सीखे हम लेथ। हाथ तो बाद में लगा।

आता काय गेलं आणि काय राहिलं ते बघू.

सुरुवातीचं ‘तो वो क्या है ना’ आणि ‘जो है’ गेलं. खुर्चीत बसून घसा साफ करावा तसं ते आहे. ‘बयासी’ गेलं, कारण ते चाचांनी स्वतःच खोडलं होतं. मात्र मी समासात नोंद ठेवली. जानेवारी 1982 मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि त्या पिढीच्या कुठल्याही कामगाराची आठवण त्या सालाला जाऊन अडते. चाचांचं तेवढंच होतं. पण एखादा माणूस ‘बयासी... नहीं, हड़ताल के बाद’ असं म्हणाला असता, तर ती चूक आणि दुरुस्ती दोन्ही ठेवली असती, कारण मग तो काळ संपाने मोजतो आहे हे त्यातून दिसतं.

पहिला ‘मतलब’ गेला, दुसरा राहिला. पहिला नुसता पूल आहे. दुसऱ्यात चाचा स्वतःला आवरताहेत: कडक म्हटलं म्हणून माणूस वाईट समजू नका. तो काढला तर सेठबद्दलची दोन मतं शेजारीशेजारी उभी राहतात, पण एकाने दुसऱ्याला आवरलं हे दिसत नाही. तिसरा ‘मतलब’ काढला खरा, पण तिथे थांबण्याची जागा होती म्हणून तीन टिंबं ठेवली.

वाक्याआधीचे बहुतेक ‘तो’ गेले. ‘तो हम आए’ मधला राहिला, कारण तिथे तो ‘म्हणून’ या अर्थाने आहे. आणि ‘हाथ तो बाद में लगा’ मधल्या ‘तो’ला हात लावायची माझी हिंमत नाही. तो काढून वाक्य वाचून बघा, नुसती माहिती उरते.

एवढं कशाला जपायचं? नीट शुद्ध हिंदीत लिहून टाकलं तर?

आमच्याकडच्या एका हुशार मुलीने तसं लिहून दिलं होतं. तिचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

> मैं सन 1983 में ठाणे आया। मेरे बड़े भाई वागले इस्टेट में कार्यरत थे और उन्होंने मुझे नौकरी दिलाने का आश्वासन दिया। मालिक सख़्त किंतु भले व्यक्ति थे। आरंभ के छह महीने मुझे केवल सफ़ाई का कार्य दिया गया। मैंने अवलोकन द्वारा लेथ चलाना सीखा।

व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. पण चाचा सेठला ‘था’ म्हणाले होते आणि भावाला ‘थे’. सेठ कितीही चांगला असला तरी त्यांनी त्याला आदरार्थी बहुवचन दिलं नाही. इथे ते फुकटात मिळालं. ‘मशीन छूने नहीं दिया’ मध्ये अडवणारा माणूस दिसतो, ‘कार्य दिया गया’ मध्ये कुणीच नाही. भाऊ चाचांना ‘देख, सीखेगा’ असं एकेरीत बोलतो आणि चाचा मात्र त्याच भावाबद्दल ‘भाई बोले’ म्हणतात. घरातलं थोरलं-धाकटं त्या दोन क्रियापदांत होतं, तेही गेलं. आणि ‘थोड़ी आए हैं’ मधली चिडचिड तर पूर्णच गायब झाली.

हे ‘थोड़ी’ जरा जपून बघा. ‘थोडी’ म्हणजे कमी, हा मराठी अर्थ डोक्यात असला की वाक्य उलटं वाचलं जातं. ‘हम थोड़ी गए थे’ म्हणजे आम्ही काही गेलो नव्हतो. पूर्ण नकार. एका मुलाने सोपं करायचं म्हणून ते ‘हम थोड़ा गए थे’ केलं होतं, आणि मोर्च्याला न गेलेला माणूस थोडासा जाऊन आला.

चाचा स्वतःला ‘हम’ म्हणतात. ‘मैं’ करायचं का?

नाही. पूर्वेकडच्या हिंदीत ‘हम’ म्हणजे मी. त्यात मोठेपणा नाही आणि चूकही नाही. ‘हम बोले’, ‘हम सीखे’ मध्ये ‘ने’ नसणं हीसुद्धा तिकडची रीतच आहे. ‘हमने सीखा’ करत बसलात तर सगळ्या पानांवरचा आवाज बदलेल.

अडचण वेगळीच आहे. ‘हम साइन नहीं किए’ यात मी एकट्याने सही केली नाही, की आम्ही सगळ्यांनी? क्रियापद दोन्हीकडे सारखंच. झाडू-चहाच्या गोष्टीत याने काही बिघडत नाही. पण कारखान्याच्या टाळेबंदीनंतरच्या करारावर कुणी सही केली नाही, हे छापायचं असेल तर बिघडतं. चाचा बऱ्याचदा अनेकांसाठी ‘हम लोग’ वापरतात, पण दरवेळी नाही. मी अशा जागा पिवळ्या करून ठेवते आणि फोनवर विचारते. त्या वाक्याचं उत्तर आलं: “अरे हम अकेले। बाकी सब कर दिए।” मग पक्क्या प्रतीत ‘हम [अकेले] साइन नहीं किए’ असं गेलं. चौकटी कंसातलं आपलं, बाकीचं त्यांचं.

एकच शब्द दोनदा आला तर एक काढायचा ना?

या प्रश्नाने माझा एक आख्खा रविवार खाल्ला आहे. एका मुलाने लागोपाठ आलेले सारखे शब्द शोधून चाळीस मिनिटांच्या मुलाखतीतून सरसकट एकेक उडवला. ‘दिवाली में सबको दो दो रुपया दिया’ याचं ‘सबको दो रुपया दिया’ झालं. मूळ वाक्यात प्रत्येकाला दोन रुपये मिळाले होते, नव्या वाक्यात सगळ्यांत मिळून दोन. ‘एक खोली में आठ-आठ आदमी’ मध्ये आठ हा आकडा नाही, तक्रार आहे. ‘आठ आदमी’ म्हटलं की ती जनगणना होते.

खरं तर इथे मराठी माणसाने चुकायलाच नको. ‘दोन-दोन रुपये’, ‘बघता-बघता’ हे आपल्याकडेही तसंच आहे. चूक होते ती कागदावर बघून काम केल्यामुळे. ऐकलं की फरक चटकन कळतो. अडखळताना पहिला शब्द अर्धवट तुटतो, मधे फट पडते, दुसरा शब्द नव्याने सुरू होतो. मुद्दाम जोडलेले शब्द एका श्वासात येतात आणि बहुतेक वेळा पहिल्यावर जोर असतो. ‘बोले कि, बोले कि आ जाओ’ हे अडखळणं, म्हणून एक गेलं. ‘देखते देखते देखते’ तीनदा आलं आणि तिन्ही वेळा सारख्याच लयीत. सहा महिने असेच गेले, हे चाचांनी त्या तीन शब्दांत सांगितलं. तीनही ठेवले.

‘चाय-वाय’, ‘झगड़ा-वगड़ा’ हेही असंच. ‘वाय’ला अर्थ नाही म्हणून काढू नका. चहा आणि असलीच बारीकसारीक हमाली, एवढं त्यात मावलेलं आहे.

मराठी माणूस हिंदी साफ करताना कुठे हमखास फसतो?

जिथे शब्द ओळखीचा वाटतो तिथे. अनोळखी शब्दाला आपण थांबतो, विचारतो. ओळखीच्या शब्दावरून गाडी सरळ पुढे जाते.

आमचं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण ‘राज़ीनामा’. चाचा कारखान्यातल्या वादाबद्दल सांगत होते: ‘फिर दोनों में राज़ीनामा हो गया।’ टाइप करणाऱ्याने मथळ्यात लिहिलं की दोघांनी नोकरी सोडली. हिंदीत राज़ीनामा म्हणजे तडजोड, दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद. नोकरी सोडण्याला ते इस्तीफ़ा म्हणतात. मथळा तसाच पुढे गेला, दोन प्रकरणांच्या मांडणीत शिरला, आणि पुढे तीच दोन माणसं त्याच कारखान्यात ओव्हरटाइम करताना सापडल्यावर आमच्या लक्षात आलं.

नात्यांचे शब्दही तसेच. ‘दादा के पास चार बीघा था’ म्हणजे आजोबांकडे. ‘ताई’ म्हणजे मोठी काकू. ‘खाली झाड़ू’ मधलं ‘खाली’ म्हणजे ‘फक्त’. मराठी डोळ्याला तिथे आधी जमीन दिसते. हिंदीत ‘शिक्षा’ शाळेत मिळते आणि ‘चेष्टा’ करणारा माणूस प्रयत्न करत असतो.

याची दुसरी बाजूही आहे. धंद्यातले शब्द आपल्याला दिल्लीच्या संपादकापेक्षा चांगले कळतात. चाचा म्हणाले, ‘पहला जॉब था, दो सूत ज़्यादा काट दिए।’ बाहेरच्या एका वाचकाने समासात विचारलं, कपड्याचा कारखाना होता का? सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपल्याकडचा सुतारही तेच म्हणतो. दोन सूत म्हणजे पाव इंच. लेथवर पाव इंच जास्त कापलं गेलं की जॉब भंगारात, आणि सेठ का भडकला ते वेगळं सांगावं लागत नाही. ‘सूत’ ठेवला, खाली एका ओळीची टीप दिली.

‘पगार’, ‘खोली’, ‘नाका’ असे मराठी शब्द हिंदीत ठेवायचे?

ठेवायचे. चाचा चाळीस वर्षं ठाण्यात आहेत. पगार त्यांना वागले इस्टेटमध्ये मिळाला, वेतन कधी मिळालंच नाही. ‘कमरा’ त्यांच्या गावी आहे, इथे ‘खोली’. हे दोन्ही शब्द ते नेमके जागा बघून वापरतात, आणि ते एकसारखे करून टाकले तर गाव आणि ठाणे यांतली त्यांनी आखलेली रेघ पुसली जाते. कानपूरच्या वाचकासाठी पहिल्यांदा शब्द येईल तिथे टीप द्या, पुढे गप्प बसा.

‘थाना’चं काय? ते चूक म्हणून ‘ठाणे’ करायचं का?

पहिल्या खेपेला कंसात [ठाणे] दिलं आणि पुढे त्यांचा उच्चार तसाच ठेवला. उत्तरेकडून आलेली जुनी माणसं या शहराला थानाच म्हणतात. पण हिंदीत थाना म्हणजे पोलीस ठाणं. आणि वागले इस्टेटमध्ये राहणारा माणूस स्टेशनकडे बाजाराला निघाला तरी ‘थाना जा रहे हैं’ म्हणतो.

टाळेबंदीच्या दिवसाबद्दल चाचा म्हणाले: ‘गेट पे ताला देखे तो भाई हमको लेके थाने गए। उधर मुंशी बोला कल आओ।’ बाजारात गेले की पोलिसांत? मला वाटलं ‘मुंशी’वरून उलगडेल, कारण तिकडे पोलीस ठाण्यात लिहापढी करणाऱ्या हवालदाराला मुंशी म्हणतात. पण पेढीवरच्या कारकुनालाही मुंशीच म्हणतात, आणि सेठचं ऑफिस तेव्हा स्टेशनजवळ होतं. म्हणजे दोन्ही अर्थ चोख बसत होते. ऑडिओ सात-आठ वेळा ऐकला, काही निघालं नाही. शेवटी फोन. “अरे पुलिस थाना! सेठ के पास जाके क्या करते, सेठ तो गाँव भाग गया था।” एका शब्दाची शंका विचारली तर सेठ पळून गेल्याची बातमी मिळाली. ती मुलाखतीत कुठेच नव्हती.

ती पक्क्या प्रतीत घालायची का? त्याच जागी, त्याच वाक्यात, नाही. ‘[पुलिस] थाने गए’ एवढं तिथे, आणि सेठची गोष्ट टीपेत, फोनवर सांगितल्याची तारीख लिहून. मागाहून कळलेली गोष्ट मुळातल्या ओघात शिवली की मुलाखतीचा दिवस खोटा होतो.

आकडे आणि सालं?

प्रत्येक आकडा दोनदा ऐका. हिंदीत ‘उनासी’ म्हणजे 79 आणि ‘नवासी’ म्हणजे 89. मागे ग्राइंडर चालू असेल तर दहा वर्षं इकडची तिकडे होतात. अशा वेळी आजूबाजूच्या गोष्टी लावून बघायच्या: मुलगी तेव्हा शाळेत जात होती का, भाऊ गावी परतले होते का.

पक्क्या प्रतीत बोललेले आकडे मी अक्षरांतच ठेवते. ‘सवा सौ’, ‘ढाई सौ’ यांत जी अंदाजाची ऊब आहे ती 125 मध्ये नाही. आणि ‘हमारा भाई का पगार उन्नीस-बीस था’ हे वाचून कुणी पगाराच्या तक्त्यात 19 ते 20 भरू नये. आपला आणि भावाचा पगार जवळजवळ सारखा होता, एवढंच चाचा म्हणताहेत. आमच्याकडे तक्ता भरला गेला होता.

प्रश्न काढून नुसती उत्तरं जोडली तर?

चालतं, पण ‘हाँ’पाशी थांबा. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, “मतलब मज़दूरों का शोषण होता था?” चाचा म्हणाले, “हाँ, वो तो था।” प्रश्न काढून टाकणाऱ्याने लिहिलं, ‘मज़दूरों का शोषण होता था।’ चाचांच्या तोंडात शोषण हा शब्द सगळ्या मुलाखतीत एकदाही नाही. तो विचारणाऱ्याचा. अशी उत्तरं प्रश्नासकटच छापायची, नाहीतर सोडून द्यायची. त्याच विषयावर पुढे चाचा स्वतःहून म्हणतात: ‘ओवरटाइम का पैसा माँगो तो सेठ को सुनाई कम देता था।’ हे त्यांचं आहे, आणि माझ्या मते शोषणापेक्षा भारीही आहे. ते छापलं.

मागचं-पुढचं हलवायचं झालं तर आख्खा प्रसंग हलवा, वाक्यं नको. आणि ‘उसके बाद’, ‘तभी’ असे शब्द हलवल्यावरही खरेच राहतात ना, ते तपासा.

‘थोड़ी’ शोधलं तर अर्धेच सापडतात. फाइल बिघडली का?

नाही. ‘ड़’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड एकच तयार अक्षर देतात, `U+095C`. काही ‘ड’ आणि खालचा नुक्ता वेगवेगळे देतात, `U+0921 U+093C`. दिसायला सारखेच, पण काही प्रोग्रामना शोधताना ते वेगळे वाटतात. मराठी कीबोर्डवर नुक्ता चटकन सापडत नाही म्हणून काही जण तो टाकतच नाहीत, मग ‘थोडी’ असा तिसरा प्रकार होतो. काम सुरू करताना सगळ्यांनी एकच हिंदी कीबोर्ड घ्यायचा. नकार देणारे ‘थोड़ी’ शेवटी एकदा शोधून ऑडिओशी ताडायचे असतात, आणि तेव्हा अर्धे सुटले तर तपासणीला काही अर्थ नाही.

एका मुलाखतीला किती वेळ धरायचा?

चाळीस मिनिटांच्या ऑडिओची कच्ची प्रत करायला माझे चार-पाच तास जातात, कारखान्यात रेकॉर्ड केलेलं असेल तर जास्त. मग एक फेरी नुसती ऐकायची आणि खुणा करायची, काही न खोडता. दुसऱ्या फेरीत काटछाट. या दोन्हींत एक रात्र जाऊ द्या. काल जो ‘ना’ फालतू वाटला होता तो सकाळी बऱ्याचदा कामाचा वाटतो. शेवटी पक्की प्रत हातात घेऊन पुन्हा ऑडिओ लावायचा. या फेरीत माझं लक्ष विरामचिन्हांवर असतं: माणूस श्वासासाठी थांबला की मुद्दा संपला म्हणून? श्वास असेल तर तिथे पूर्णविराम नको. मजकूर कच्च्याच्या दोनतृतीयांशाच्या आसपास उरतो. निम्म्याहून कमी उरला तर समजा, तुम्ही साफ करणं सोडून सारांश लिहायला लागला आहात.

बोलणाराच म्हणाला ‘ठीक से लिखना’, तर?

म्हणतातच. आपलं बोलणं जसंच्या तसं छापलेलं बघून कुणालाही लाज वाटते, आणि ज्याला आयुष्यभर ‘भैया की हिंदी’ म्हणून हसलं गेलं त्याला जास्तच. अशा वेळी ‘आम्हाला तुमची बोली जपायची आहे’ असलं व्याख्यान देऊ नये. बोली त्यांची आहे, जपायची की नाही तेही त्यांनीच ठरवायचं.

मी पक्की प्रत त्यांना वाचून दाखवते, हातात देऊन येत नाही. डोळ्याने वाचताना माणसाला चुका दिसतात, ऐकताना आपलाच आवाज ऐकू येतो. तरीही एखादी गोष्ट बदला म्हणाले तर बदलते. ‘हम खाए’चं ‘हमने खाया’ हवं असेल तर तेही, पण मग सगळीकडे. अर्धं इकडे अर्धं तिकडे नाही.

चाचांना वाचून दाखवलं तेव्हा ते डोळे मिटून ऐकत होते. ‘आँख से सीखे हम लेथ’ला मान हलवली. ‘सेठ जो था ना’ला थांबवलं. म्हणाले, “इसको ‘थे’ कर दो। अब मर गए हैं।” एवढ्या सगळ्या खटाटोपात मी जो ‘था’ वाचवला होता, तोच. पक्क्या प्रतीत त्या वाक्यापासून सेठला ‘थे’ केलं, ‘छूने नहीं दिया’आधी ‘उन्होंने’ येऊ देऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाले, “नहीं, वो रहने दो। वो तो दिया ही नहीं था।”